चार्जर बदलायचाय? नुसतं ‘४८ व्होल्ट’ वाचून घेऊ नका

गाडीचा चार्जर जळतो, हरवतो किंवा गावी राहून जातो. आपण स्पेअरच्या दुकानात जाऊन सांगतो, “अठ्ठेचाळीस व्होल्टचा चार्जर द्या.” दुकानदार तीन काळे डबे समोर ठेवतो. तिन्हींवर ‘४८ व्होल्ट’ छापलेलं असतं, तिन्हींना लाल-हिरवा दिवा आणि पंखा असतो, आणि त्यातल्या दोघांची पिन तुमच्या गाडीत व्यवस्थित बसते. तरीही त्यातला एक गाडीसाठी बरोबर, एक बॅटरी हळूहळू खराब करणारा आणि एक घराला आग लावू शकणारा असू शकतो.

घोळ असा की ‘४८ व्होल्ट’ हे बॅटरीचं आडनाव आहे. एकाच आडनावाची चार घरं असतात, आणि चार्जर मात्र एकाच घरच्या कुलपाची किल्ली असतो. ते घर कोणतं हे कसं ओळखायचं, ते इथे क्रमाने सांगितलं आहे. उदाहरणाला बिनलायसन्सची, ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणारी साधी ई-स्कूटर आणि ई-सायकल घेतली आहे, कारण दुसरा चार्जर लावायचे बहुतेक प्रयोग याच गाड्यांवर होतात. एथर, ओला, चेतक, आयक्यूब अशा मोठ्या स्कूटरमध्ये चार्जिंगवर गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्सचं नियंत्रण असतं. तिथे कंपनीने सांगितलेल्या चार्जरखेरीज दुसरं काही जोडायच्या फंदात पडू नका. पुढचं सगळं त्यांच्यासाठी नाही.

पहिलं काम: बॅटरीचं लेबल

सुरुवात चार्जरपासून नाही, बॅटरीपासून करायची. सीट उचला किंवा बॅटरी बाहेर काढा आणि स्टिकर वाचा. तिथे तीन गोष्टी शोधायच्या: बॅटरी लेड-ॲसिड आहे की लिथियम, लिथियम असेल तर कुठल्या प्रकारची, आणि चार्जिंग व्होल्टेज किती. शेवटची गोष्ट थेट छापलेली असेल तर निम्मं काम झालंच. नसेल तर पहिल्या दोन गोष्टींवरून ती काढता येते.

लेड-ॲसिड ओळखणं सोपं आहे. बारा-बारा व्होल्टचे जाड, जड ठोकळे एकमेकांना वायरने जोडलेले दिसतात. चार ठोकळे म्हणजे ४८, पाच म्हणजे ६०, सहा म्हणजे ७२.

लिथियमची बॅटरी म्हणजे एक बंद डबा. आत लहान सेल एकामागोमाग एक, म्हणजे सिरीजमध्ये, जोडलेले असतात आणि त्यांच्यावर बीएमएस नावाचं संरक्षक सर्किट असतं. बाजारात मुख्यतः दोन प्रकार आहेत. एनएमसीचा सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्टवर जातो. एलएफपीचा, म्हणजे लिथियम फेरो फॉस्फेटचा सेल ३.६५ वर थांबतो. एकूण चार्जिंग व्होल्टेज म्हणजे हा आकडा गुणिले सिरीजमधले सेल. लेबलवर सेलची संख्या बहुधा ‘13S’ किंवा ‘16S’ अशी लिहिलेली असते.

ती नसली तरी नाममात्र व्होल्टेजमधले दशांश चुगली करतात. ४६.८ किंवा ४८.१ छापलं असेल तर तो १३ सेलचा एनएमसी. ५१.८ असेल तर १४ सेलचा. ५१.२ असेल तर १६ सेलचा एलएफपी. या तिन्हींना दुकानात सर्रास ‘अठ्ठेचाळीस व्होल्ट’च म्हणतात.

| बॅटरी | पूर्ण भरल्यावरचं व्होल्टेज |
|---|---|
| ‘३६’, एनएमसी, १० सेल (बऱ्याच ई-सायकली) | ४२.० |
| ‘४८’, एनएमसी, १३ सेल | ५४.६ |
| ‘४८’ किंवा ‘५२’, एनएमसी, १४ सेल | ५८.८ |
| ‘४८’, एलएफपी, १६ सेल | ५८.४ |
| ‘४८’, लेड-ॲसिड, ४ ठोकळे | साधारण ५८ ते ५९ |
| ‘६०’, एनएमसी, १६ किंवा १७ सेल | ६७.२ किंवा ७१.४ |
| ‘६०’, एलएफपी, २० सेल | ७३.० |

लेबल निघून गेलेलं असेल, पुसलेलं असेल किंवा बॅटरी कोणी ‘रिपॅक’ करून दिली असेल, तर आतले सेल मोजल्याशिवाय खात्री होत नाही. अशा बॅटरीला अंदाजाने चार्जर लावू नका. ज्याने ती बांधली त्याच्याकडून सेलचा प्रकार आणि संख्या लिहून घ्या.

मग चार्जरचं लेबल

चार्जरवर दोन ओळी असतात आणि घाईत नको ती वाचली जाते.

```
INPUT:  AC 170-300V 50Hz 2.5A
OUTPUT: DC 54.6V 4A
```

INPUT ची ओळ भिंतीकडची आहे. तिथले २.५ अँपिअर म्हणजे बॅटरीला मिळणारा करंट नव्हे. आपल्याला हवी ती OUTPUT ची ओळ. तिथे ‘54.6V’ असा नेमका आकडा असेल तर उत्तम. नुसतं ‘48V 4A’ असेल तर तो डबा काहीच सांगत नाही असं समजा आणि त्यावर ‘Li-ion’, ‘LiFePO4’ की ‘Lead Acid’ लिहिलंय ते शोधा. यातलं काहीच सापडत नसेल तर तो चार्जर कितीही स्वस्त मिळत असला तरी परत द्या.

व्होल्टेज आणि करंट यांची कामं वेगळी आहेत, आणि बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. व्होल्टेज ठरवतं कुठे थांबायचं, करंट ठरवतो किती वेगाने जायचं. लिथियमचा चार्जर सुरुवातीला ठरलेला करंट देत राहतो. बॅटरीचं व्होल्टेज चढत चढत ५४.६ ला पोचलं की तो तिथेच धरून ठेवतो, करंट आपोआप घटत जातो, आणि अगदी थोडा उरला की दिवा हिरवा होतो. बॅटरी भरलीये हे चार्जरला कळण्याचा मार्ग एवढाच: त्याच्या स्वतःच्या व्होल्टेजशी बॅटरी पोचली. चार्जर ५८.८ चा असेल तर त्याच्या लेखी ५४.६ वाली बॅटरी भरलेलीच नसते, आणि तो ढकलत राहतो.

म्हणून व्होल्टेजच्या बाबतीत ‘जवळपास’ नाही. आकडा तोच हवा. एखाद-दोन दशांश व्होल्टचा फरक चालतो, कारण तेवढा तर एकाच कंपनीच्या दोन चार्जरमध्येही सापडतो.

करंटला मात्र मोकळीक आहे, पण खालच्या बाजूला. मूळ चार्जर ४ अँपिअरचा असेल तर २ अँपिअरचा खुशाल लावा, फक्त वेळ दुप्पट लागेल. वरच्या बाजूला जायचं असेल तर बॅटरीवर ‘Max charge current’ लिहिलेलं असेल तेच बघा. ते नसेल तर मूळ चार्जरपेक्षा जास्त करंट देऊ नका. सेलला झेपलं तरी चार्जिंगची बारीक वायर, फ्यूज, बीएमएस आणि पिन यांतलं जे सगळ्यात कमकुवत, ते आधी तापतं.

एक उदाहरण नीट करून बघू

समजा, गाडीची बॅटरी एनएमसी, १३ सेलची, २० एएचची आहे. लेबलवर जास्तीत जास्त चार्जिंग करंट ५ अँपिअर लिहिलाय. मूळ चार्जर ५४.६ व्होल्ट, ४ अँपिअरचा होता. तो जळला. समोर चार पर्याय आहेत.

पहिला, ‘४८ व्होल्ट ३ अँपिअर’, खाली बारीक अक्षरात लेड-ॲसिड. हा भर चार्जिंगच्या टप्प्यात ५९ व्होल्टपर्यंत जातो. ५९ भागिले १३ म्हणजे प्रत्येक सेलला जवळजवळ ४.५४ व्होल्ट. ज्या सेलची मर्यादा ४.२ आहे त्याला हे फार झालं. एवढ्या व्होल्टेजवर सेलच्या ऋण बाजूवर धातुरूप लिथियम साचतं, आतलं द्रावण फुटून वायू होतो आणि धन बाजूचा पदार्थ अस्थिर होऊन ऑक्सिजन सोडू लागतो. सेल फुगतो, तापतो, आणि एका मर्यादेपलीकडे तापला की चार्जर काढला तरी उष्णता आतूनच वाढत जाते.

इथे ठरलेला प्रश्न येतो: बीएमएस आहे ना? आहे. कुठलाही एक सेल साधारण ४.२५ व्होल्टच्या आसपास गेला की तो चार्जिंग तोडतो. म्हणून चुकीचा चार्जर लावलेल्या सगळ्याच गाड्या पेटत नाहीत, आणि ‘मी तर सहा महिने वापरतोय’ म्हणणारे भेटतात. पण बीएमएस हा अपघातासाठी ठेवलेला शेवटचा दरवाजा आहे. रोज रात्री चार्जिंग थांबवायचं काम त्याचं नाही. त्यातले स्विच, म्हणजे मॉसफेट, खराब होतात तेव्हा बहुतेक वेळा ‘बंद’ न होता कायमचे ‘चालू’ अडकतात. बाहेरून काहीच कळत नाही. गाडी चालते, चार्ज होते, दिवेही लागतात. फक्त तोडणारं कोणी उरत नाही. बरोबर चार्जर असेल तर अशा बॅटरीलाही तो ५४.६ ला थांबवतो. चुकीचा असेल तर पुढे काय व्हायचं ते रात्री तीन वाजता होतं. पहिला पर्याय बाद.

दुसरा, ‘LiFePO4 58.4V 5A’. लिथियमचा आहे, करंटही मर्यादेत आहे, पण ५८.४ भागिले १३ म्हणजे सेलला ४.४९. हाही बाद. ‘लिथियमचा चार्जर आहे’ एवढं ऐकून फसायची जागा ही.

तिसरा, ‘Li-ion 54.6V 6A’, फास्ट चार्जर म्हणून विकतात. व्होल्टेज बरोबर, करंट मर्यादेपेक्षा एक अँपिअर जास्त. एकदा लावला तर बॅटरी लगेच मरणार नाही, पण रोजच्यासाठी हा घेऊ नका.

चौथा, ‘Li-ion 54.6V 2A’, एका ई-सायकलचा. व्होल्टेज बरोबर, करंट कमी. २० एएच भागिले २ अँपिअर म्हणजे दहा तास, आणि शेवटचा करंट घटत जाण्याचा टप्पा धरून आणखी तासभर. रिकामी बॅटरी भरायला अकरा तास लागतील, पण काम सुरक्षित होईल. प्रश्न फक्त पिनचा, तिकडे येतोच.

उलट दिशेची चूक कमी घातक असते, पण फुकटची नसते. लेड-ॲसिडच्या चार ठोकळ्यांना ५४.६ चा लिथियम चार्जर लावला तर प्रत्येक ठोकळ्याला १३.६५ व्होल्टच मिळतात. त्याला पूर्ण भरायला १४.४ च्या वर लागतात. दिवा हिरवा होतो, बॅटरी अर्धवट राहते, आणि रोज असं झालं की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं. दोन-तीन महिन्यांत गाडीची धाव घटते आणि दोष बॅटरीला लागतो. १४ सेलच्या एनएमसीला ५४.६ चा चार्जर लावला तर ती सेलमागे ३.९ ला थांबते. धोका नाही, धाव कमी मिळते, आणि सेल एकसारखे करायचं बॅलन्सिंगचं काम, जे बहुतेक बीएमएस बॅटरी भरत आल्यावरच सुरू करतात, ते होतच नाही. अडीनडीला एखाद्या दिवशी चालेल.

मीटर लावून बघणं, आणि त्यातली एक फसगत

साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. काळी वायर COM मध्ये, लाल वायर V लिहिलेल्या भोकात. लाल वायर चुकून ‘10A’ च्या भोकात राहिली आणि टोकं बॅटरीला लागली, तर तो सरळ शॉर्टसर्किट असतो. म्हणून दर वेळी आधी तिकडे नजर टाका. डायल डीसी व्होल्ट २०० वर ठेवा. टोकांना चिकटपट्टी गुंडाळून फक्त दोन-तीन मिलिमीटर धातू उघडा ठेवला, तर जवळजवळच्या दोन पिनांत टोक अडकून ठिणगी उडत नाही.

चार्जर गाडीला न जोडता भिंतीत लावा, चालू करा, आणि पिनवर मोजा. ५४.६ च्या चार्जरवर ५४.४ ते ५४.७ असं काहीतरी दिसायला हवं. आकड्याआधी उणे चिन्ह आलं तर तुमचं लाल टोक ऋण पिनवर आहे. कुठल्या पिनवर धन आहे ते कागदावर काढून ठेवा, पुढे लागेल.

आता फसगत. ४८ व्होल्टचा लेड-ॲसिड चार्जर मोकळा मोजला तर तो बहुधा ५५ व्होल्टच्या आसपास दाखवतो. म्हणजे ५४.६ च्या अगदी शेजारी! कारण असं की हे चार्जर दोन पातळ्यांवर चालतात. बॅटरी करंट घेत असेल तेव्हा ५९ पर्यंत जातात, आणि करंट घटला की ५५ च्या आसपासच्या ‘फ्लोट’ पातळीवर उतरतात. मोकळ्या पिनवर करंट शून्यच, त्यामुळे मीटरला खालची पातळीच दिसते. “मीटरवर पंचावन्न आलं, लिथियमलाही चालेल” असं कोणी छातीठोकपणे सांगितलं तर त्याने अर्धाच चार्जर मोजलाय. मीटर नापास करू शकतो, पण तो एकटा पास करू शकत नाही. लेबल आणि मीटर दोन्ही जुळले तरच पुढे जायचं.

आणखी एक. काही चार्जर बॅटरी जोडलेली नसेल तर पिनवर व्होल्टेज सोडतच नाहीत. मीटरवर शून्य आलं म्हणजे चार्जर मेलाच असं नाही. पण अशा चार्जरची धन-ऋण पिन तुम्हाला मोजता येणार नाही, तेव्हा तो जुळवून वापरायच्या भानगडीत पडू नका.

नंतर गाडीच्या चार्जिंग सॉकेटवर मोजा. तिथे बॅटरीचं आत्ताचं व्होल्टेज आणि धन-ऋण दोन्ही कळतं. चार्जरची धन पिन सॉकेटच्या धनाशीच यायला हवी. काही बॅटऱ्या सॉकेटवर मुद्दाम काहीच दाखवत नाहीत, कारण बीएमएस तो मार्ग एकाच दिशेला उघडा ठेवतो. तिथे जुन्या चार्जरच्या पिनवरूनच दिशा कळते. म्हणून जळालेला चार्जर भंगारात टाकायची घाई करू नका.

पिन: बसली म्हणजे जुळली असं नाही

साध्या गाड्यांच्या कनेक्टरमध्ये कुठलाही एक नियम पाळला जात नाही. मोठ्या स्कूटरसाठी भारतीय मानक ब्युरोने २०२३ मध्ये एथरच्या कनेक्टरवर आधारलेलं मानक आणलं. खालच्या वर्गात अजून ज्याला जी पिन स्वस्त मिळाली ती त्याने लावली आहे.

सगळ्यात घातक आहे ती ‘कॉम्प्युटर पिन’. बऱ्याच लेड-ॲसिड स्कूटरवर चार्जिंगचं सॉकेट अगदी डेस्कटॉपच्या मागे असतं तसं, तीन चपट्या पिनांचं असतं. म्हणजे भिंतीतून येणारी, २३० व्होल्टची कॉम्प्युटरची साधी वायर तिथे सरळ बसते. काही चार्जरची भिंतीकडची सुटी वायरही त्याच तोंडाची असते. अंधारात चार्जर मधे न घेता ती वायर थेट गाडीत लावली गेली की २३० व्होल्ट एसी बॅटरीवर. अशी गाडी असेल तर भिंतीकडची वायर चार्जरमध्ये घालून दोन्हींवर मिळून घट्ट चिकटपट्टी मारा, म्हणजे ती सुटी होणारच नाही. नवा घेताना ती वायर पक्की बसवलेला चार्जर बघा. गाडीच्या सॉकेटवर लाल रंगाने खूण केली तर घरातल्या इतरांनाही कळतं.

याच पिनची दुसरी खोड म्हणजे धन-ऋण. एका गाडीत डावी पिन धन, दुसरीत उजवी. पिन सारखी, व्होल्टेज सारखं, आणि तरी उलटं. उलटा जोडला की मोठी ठिणगी उडते आणि फ्यूज गेला तर नशीब समजायचं. नाहीतर चार्जरचा आउटपुट कॅपॅसिटर किंवा बीएमएस जातो. मीटरशिवाय शेजाऱ्याचा चार्जर मागून लावायचा नाही, तो यासाठी.

ई-सायकलींवर आणि लहान स्कूटरवर गोल डीसी जॅक दिसतो. बाहेरून ५.५ मिलिमीटरचा, पण आतलं भोक २.१ किंवा २.५. अडीचचा जॅक २.१ च्या पिनवर जातो, पण ढिला बसतो. हलवला की दिवा लुकलुकतो, आणि त्या ढिल्या जागीच उष्णता तयार होऊन प्लास्टिक वितळतं. २.१ चा जॅक अडीचच्या पिनवर जातच नाही, तो दाबून घालू नका. गोल, आटे असलेली ‘एव्हिएशन’ पिन आणि माइकसारखी तीन टोकांची एक्सएलआर पिन पक्की बसतात, पण कुठलं टोक धन हे त्यांच्यातही बनवणाऱ्यावर असतं, आणि तिसरं टोक कधी रिकामं, कधी तापमानाच्या सेन्सरला जोडलेलं असतं.

चार्जरचं व्होल्टेज आणि करंट बरोबर असून फक्त पिन वेगळी असेल, तर पिन बदलून घेता येते. आपल्या उदाहरणातला चौथा चार्जर असाच. इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीवाल्याकडून जुन्या चार्जरची पिन कापून नव्याच्या वायरला सोल्डर करून, वर हीटश्रिंक नळी चढवून घ्या. वायर पिळून चिकटपट्टी मारणं म्हणजे तात्पुरतं नाही, तो चुकीचा जोड आहे. वायरचे रंग बघून विश्वास ठेवू नका, जोड झाल्यावर पुन्हा पिनवर मोजा आणि आधी काढलेल्या कागदाशी ताडून बघा. बाजारात मिळणारे तयार अडॅप्टर मात्र घरात ठेवू नयेत असं आमचं मत आहे. पिन वेगळी असणं हीच पुष्कळदा चुकीचा चार्जर लागण्यातली एकमेव आडकाठी असते. अडॅप्टर ती काढून टाकतो, आणि सहा महिन्यांनी घरातलं दुसरं कोणी तो भलत्याच चार्जरला लावतं.

पहिलं चार्जिंग

दिवसा करा, जागे असताना. गाडी नुकतीच चालवली असेल तर अर्धा-पाऊण तास थांबा. लिथियम सेलला चार्जिंगसाठी ४५ अंशांच्या आतलं तापमान हवं, आणि विदर्भातल्या मे महिन्यात उन्हात उभी असलेली गाडी न चालवताही तिथे पोचते. बॅटरी निघत असेल तर फरशीवर ठेवा. जिन्याखाली किंवा दारासमोर नको. घराबाहेर पडायची एकच वाट असेल तर ती अडवणारी जागा कुठलीही नको.

जोडल्यावर दिवा लाल व्हायला हवा. पहिल्या अर्ध्या तासात दोनदा पिन आणि वायर हाताने चाचपा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर बंद करा. चार्जरचा डबा स्वतः बराच तापतो, ते स्वाभाविक आहे, फक्त त्याच्यावर कापड किंवा गादी नको. मध्येच थांबवायचं झालं तर आधी भिंतीचं बटण बंद करा, मग पिन काढा. चालू करंटमध्ये पिन ओढली की ठिणगीने ती काळी पडते आणि पुढच्या वेळी जास्त तापते.

दिवा हिरवा झाला की सॉकेटवर किंवा बॅटरीच्या आउटपुटवर मोजा. आपल्या उदाहरणात ५४ ते ५४.६ च्या दरम्यान यायला हवं. ५४.८ च्या वर आकडा आला तर तो चार्जर पुन्हा लावू नका.

दिव्याची वागणूकही बरंच सांगते. जोडल्याबरोबर हिरवा आणि बॅटरी मात्र रिकामी: चार्जरचं व्होल्टेज बॅटरीपेक्षा कमी आहे, फ्यूज गेलाय किंवा बीएमएसने मार्ग बंद ठेवलाय. ३६ व्होल्टचा चार्जर ४८ ला लावला की नेमकं असंच होतं. चार्जिंगच्या शेवटी लाल-हिरवा-लाल असा खेळ चालू राहिला तर बीएमएस तोडतोय आणि पुन्हा जोडतोय. एखादा सेल इतरांच्या पुढे गेलाय, किंवा चार्जरचं व्होल्टेज जास्त आहे. नवा चार्जर लावल्याबरोबर हे सुरू झालं असेल तर आधी संशय चार्जरवर घ्या. हिशेबाने सहा तासांत व्हायचं चार्जिंग दहा तासांनीही लाल असेल, तर बंद करून दाखवून घ्या.

जास्त व्होल्टेजचा चार्जर चुकून लागलाच, तर भिंतीचं बटण बंद करून पिन काढा. बॅटरी निघत असेल आणि ती गरम नसेल, फुगलेली नसेल, तर बाहेर मोकळ्यावर, जळाऊ वस्तूंपासून लांब ठेवा आणि मग मोजा. आकडा ५४.६ च्या आत असेल तर बीएमएसने किंवा तुम्ही वेळेत थांबवलं. तरी दिवसभर नजर ठेवा. आकडा वर गेला असेल तर ती चालवू नका, चार्ज करू नका, सर्व्हिस सेंटरला कळवा. फुगलेली, शिसशिस आवाज करणारी किंवा नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा गोडसर वास सोडणारी बॅटरी हातात घेऊन बाहेर नेण्याचा विचारही करू नका. माणसं बाहेर काढा, दार ओढून घ्या आणि १०१ वर अग्निशमन दलाला फोन करून सांगा की लिथियम बॅटरी आहे.